कार्बन चक्राच्या आकृतीत ०.७ कुठे हरवले? (उजळणीचा तक्ता, पदवी परीक्षा)

वहीतलं_पान
नमस्कार. मी पर्यावरणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेत कार्बन चक्राची आकृती काढून तिच्यावर आधारित गणिते सोडवावी लागतात. त्यासाठी मी एका पानाचा उजळणी तक्ता तयार करत आहे. आयपीसीसीच्या २०१३ च्या अहवालातील आकृती आधाराला घेतली आहे, त्यामुळे वार्षिक आकडे २००० ते २००९ या दशकाच्या सरासरीचे आहेत. सगळे आकडे गिगाटनांत लिहिले आहेत.

चौकटी (साठे): वातावरण ८२९, वनस्पती ४५० ते ६५०, माती १५०० ते २४००, समुद्राचा वरचा थर ९००, मधला व खोल समुद्र ३७,१००, सागरी जीव ३.

बाण (दर वर्षाचे प्रवाह):
वातावरण → जमीन १२३ (प्रकाशसंश्लेषण)
जमीन → वातावरण ११८.७ (श्वसन आणि वणवे)
वातावरण → समुद्र ८०
समुद्र → वातावरण ७८.४
जीवाश्म इंधन व सिमेंट → वातावरण २८.६
जंगलतोड व जमीनवापर → वातावरण १.१

पानाच्या तळाशी ताळेबंद: वातावरणातील वाढ ४.०, समुद्राने शोषले २.३, जमिनीने शोषले २.६.

दोन ठिकाणी अडले आहे. माणसाने सोडलेला कार्बन २८.६ + १.१ = २९.७ होतो, पण तो जिथे गेला त्यांची बेरीज केवळ ८.९ भरते. दुसरे म्हणजे समुद्राच्या दोन बाणांतील फरक ८० − ७८.४ = १.६ येतो, मग ताळेबंदात समुद्राने २.३ शोषले असे का म्हणतात? हे ०.७ कुठे गेले?

चहाबिस्किट
आमच्या काळी कार्बन चक्रात एक झाड, एक गाय आणि एक कारखाना असे. गाईला आकडे नव्हते, त्यामुळे ताळेबंद नेहमी जुळत असे.

सरळरेषा
पहिल्या अडचणीचे उत्तर सोपे आहे. आपण दोन एककांची सरमिसळ केली आहे. २८.६ हा आकडा कार्बन डायऑक्साइडच्या वजनाचा आहे, बाकी सर्व आकडे निव्वळ कार्बनचे आहेत. दुसऱ्या अडचणीविषयी माझे मत असे, की ०.७ ही मोजणीतील त्रुटी आहे. ८० सारख्या मोठ्या आकड्यात इतकी चूक सहज राहते, तेव्हा त्यामागे लागण्यात अर्थ नाही.

खाडीकाठ
सरळरेषा यांचे पहिले उत्तर बरोबर आहे, दुसरे नाही. पहिले आधी पूर्ण करतो.

कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४ आहे. म्हणून २८.६ ला ४४/१२, म्हणजे ३.६७ ने भागावे. उत्तर ७.८ येते. आता ७.८ + १.१ = ८.९ आणि दुसऱ्या बाजूला ४.० + २.३ + २.६ = ८.९. ही चूक दरवर्षी उत्तरपत्रिकांत दिसते, कारण वर्तमानपत्रे आणि सरकारी आकडेवारी उत्सर्जन कार्बन डायऑक्साइडच्या वजनात देतात, तर चक्राच्या आकृत्या कार्बनच्या वजनात असतात. कार्बन चक्रात तसेच करावे लागते, कारण झाडात गेल्यावर तोच कार्बन सेल्युलोज होतो आणि समुद्रात गेल्यावर बायकार्बोनेट. रेणू बदलतो, मोजायचा कार्बन तेवढाच राहतो.

कोणता आकडा कोणत्या एककात आहे हे ओळखण्याची एक खूण लक्षात ठेवा. वातावरणात १ पीपीएम कार्बन डायऑक्साइड म्हणजे २.१२ गिगाटन कार्बन. त्या दशकात हवेतील प्रमाण वर्षाला साधारण १.९ पीपीएमने वाढत होते. १.९ × २.१२ = ४.०. म्हणजे ४.० हा आकडा नक्की कार्बनचाच आहे. एका खात्रीच्या आकड्याला धरून बाकीचे तपासता येतात.

०.७ बद्दल रात्री लिहितो. ती त्रुटी नव्हे. तो बाण तुमच्या तक्त्यात काढलेलाच नाही.

पाचट
मी शेतकरी आहे, सांगली जिल्ह्यात उसाची शेती आहे. विषय माझा नाही, पण आकृती पाहून प्रश्न पडला. ऊस तोडल्यावर पाचट जाळले की धुराचा लोट उठतो आणि आम्ही प्रदूषण करतो असे सगळे म्हणतात. मग माझा धूर या २८.६ मध्ये येतो, की आपण आता दुरुस्त केलेल्या ७.८ मध्ये? आणि पाचट न जाळता सरीत कुटी करून टाकले तर मला वजाबाकी मिळते का?

चहाबिस्किट
पाचटराव, वजाबाकी मिळाली तर कारखान्याच्या बिलातून होईल.

खाडीकाठ
पाचट, तुमचा प्रश्न विषयाबाहेरचा मुळीच नाही. तुमच्या पाचटातील कार्बन ७.८ मध्ये येत नाही. तो उसाच्या पानांनी गेल्या १२ ते १८ महिन्यांत हवेतूनच घेतला होता, म्हणजे तो १२३ च्या बाणाने खाली आला आणि जाळल्यावर वर जाणाऱ्या ११८.७ च्या बाणाने परतला. धुरातील काजळी आणि श्वसनाचे विकार हा वेगळा विषय आहे आणि तो गंभीर आहे, पण कार्बनच्या ताळेबंदात ती जुन्या पैशाची परतफेड आहे. तुमच्या ट्रॅक्टरमधील डिझेल मात्र ७.८ मध्ये येते, कारण तो कार्बन कोट्यवधी वर्षे चक्राबाहेर होता.

कुटी करून टाकल्यास बहुतेक कार्बन पुढच्या एक-दोन वर्षांत जिवाणू खातात आणि श्वसनाने हवेत जातो. थोडा भाग मातीत टिकतो. म्हणजे बाण तोच राहतो, त्याचा वेग मंदावतो आणि मातीची चौकट किंचित फुगते. वजाबाकी मिळते, पण धूर पाहून वाटते तेवढी नाही.

शंकासूर
मला एक मूलभूत शंका आहे आणि ती कोणी टाळू नये अशी अपेक्षा आहे. वातावरणात ८२९ आहे आणि दरवर्षी त्यातून १२३ + ८० = २०३ बाहेर जातो. म्हणजे एक रेणू हवेत सरासरी ८२९ ÷ २०३, म्हणजे सुमारे ४ वर्षे राहतो. मग आज सोडलेला धूर ४ वर्षांत निघून जाईल. शिवाय निसर्गाच्या सुमारे २०० समोर माणसाचे ८.९ म्हणजे किरकोळ. हे गणित चुकीचे असेल तर कुठे चुकले ते दाखवावे.

दर्यावर्दी
गणित चुकलेले नाही. निष्कर्ष चुकला आहे.

मी बरीच वर्षे गोव्यात समुद्राच्या पाण्याच्या रसायनावर काम केले आहे. आपण काढलेला ४ वर्षांचा काळ म्हणजे एका रेणूचा हवेतील सरासरी मुक्काम. वाढलेला साठा ओसरायला लागणारा काळ ही निराळी गोष्ट आहे. एसटी स्थानकाचे उदाहरण घ्या. प्रवासी तेथे सरासरी अर्धा तास थांबतो, कारण गाड्या सारख्या सुटत असतात. पण सुटणाऱ्या प्रत्येक गाडीमागे जवळपास तेवढेच लोक घेऊन दुसरी गाडी आत येत असेल, तर सणाच्या दिवशी झालेली गर्दी अर्ध्या तासात हटत नाही. माणसे बदलतात, गर्दी राहते. समुद्रात गेलेल्या ८० रेणूंच्या जागी ७८.४ परत येतात, म्हणून मुक्काम ४ वर्षांचा असूनही साठा कमी होत नाही.

हवेत एकदम टाकलेल्या कार्बनपैकी सुमारे ४० टक्के १०० वर्षांनंतरही हवेत असतो, आणि १००० वर्षांनंतरही २० ते २५ टक्के उरतो.

शंकासूर
उदाहरण पटले, पण कारण कळले नाही. खोल समुद्रात ३७,१०० गिगाटन कार्बन सामावलेला आहे. त्याच्यापुढे आपला वाढीव कार्बन म्हणजे दर्यामें खसखस. समुद्र तो लगेच का गिळत नाही?

दर्यावर्दी
कारण हवेला खोल समुद्र दिसतच नाही. तिचा संबंध येतो तो ९०० च्या चौकटीशी, म्हणजे लाटांनी आणि वाऱ्याने ढवळल्या जाणाऱ्या वरच्या थराशी. हा थर दिसतो त्यापेक्षा फार कंजूष आहे.

पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट आयनांशी संयोग पावून बायकार्बोनेट बनतो, आणि म्हणूनच समुद्र एवढा कार्बन सामावतो. पण प्रत्येक नवा रेणू एक कार्बोनेट आयन खर्च करतो, त्यामुळे पुढच्या रेणूसाठी जागा कमी उरते. रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी १९५७ मध्ये हे मांडले. आजच्या समुद्रासाठी त्याचा ढोबळ हिशेब असा, की हवेतील कार्बन डायऑक्साइड १० टक्के वाढला तर वरच्या पाण्यातील एकूण विरघळलेला कार्बन सुमारे १ टक्काच वाढतो.

आता आपल्याच तक्त्यातील आकड्यांवर हे करून पाहू. औद्योगिक युगापूर्वी हवेत ५८९ होते, २०११ मध्ये ८२९ झाले, म्हणजे २४० ची, सुमारे ४१ टक्क्यांची वाढ. त्याच्या दहाव्या भागाने वरचा थर वाढेल, म्हणजे ९०० च्या ४.१ टक्के, जेमतेम ३७ गिगाटन. पण समुद्राने २०११ पर्यंत सुमारे १५५ गिगाटन मानवनिर्मित कार्बन घेतला आहे. म्हणजे उरलेला बहुतेक भाग वरच्या थरातून खाली उतरला. तो उतरतो ते उत्तर अटलांटिकसारख्या ठिकाणी थंड, जड पाणी बुडते तेव्हा, आणि या मिसळणीला शतके लागतात. दार हवा आणि पाणी यांच्यामध्ये अडलेले नाही, ते वरचे पाणी आणि खालचे पाणी यांच्यामध्ये अडलेले आहे.

परीक्षार्थींसाठी सूचना: समुद्राची एकच चौकट काढू नका. दोन काढल्या नाहीत तर शंकासूरांच्या प्रश्नाचे उत्तर आकृतीत मिळणार नाही.

वहीतलं_पान
धन्यवाद, दर्यावर्दी सर. एक छोटी शंका आहे. सागरी जीवांची चौकट फक्त ३ आहे. ती तक्त्यात ठेवू की वगळू? इतकी लहान चौकट काढताना पेन्सिलीचे टोकच मोठे ठरते.

दर्यावर्दी
वगळू नका. तिच्यात दरवर्षी ५० गिगाटन आत येतो. ३ भागिले ५० म्हणजे वर्षाचा सोळावा-सतरावा भाग, साधारण ३ आठवडे. ही सूक्ष्म शैवाले आहेत. ती उगवतात आणि खाल्ली जातात, साठत नाहीत. जमिनीवरची झाडे खोडाच्या रूपाने कार्बन दशकानुदशके धरून ठेवतात. चौकटीचा आकार आणि बाणाची जाडी यांचा एकमेकांशी संबंध नसतो हे दाखवायला याहून चांगले उदाहरण तुम्हाला मिळणार नाही.

सरळरेषा
सर्व ठीक आहे, पण समुद्र सगळीकडे शोषतो असे तक्त्यावरून वाटते. माझ्या वाचनात अरबी समुद्र उलट कार्बन डायऑक्साइड सोडतो असे आले आहे. हे खरे आहे काय?

दर्यावर्दी
खरे आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्रात खालचे, कार्बनने समृद्ध पाणी वर येते आणि हवेत कार्बन डायऑक्साइड सोडते. वर्षभराचा हिशेब केला तरी तो देणाराच ठरतो. ८० आणि ७८.४ हे बाण म्हणजे अशा घेणाऱ्या व देणाऱ्या सर्व समुद्रांची जागतिक बेरीज आहे.

खाडीकाठ
आता ०.७ कडे येतो.

ही आकृती नीट वाचली तर तिच्यात दोन थर आहेत. एक औद्योगिक युगापूर्वीच्या निसर्गाचा, आणि त्याच्यावर चढलेला मानवी वाढीचा. मूळ आकृतीत ते काळ्या आणि लाल रंगांत वेगळे दाखवले होते. आपण दोन्ही मिळवून एकच आकडा लिहिलात, तिथे गोंधळ सुरू झाला. समुद्राचे दोन बाण रंगांप्रमाणे वेगळे लिहू:

हवा → समुद्र: निसर्गाचे ६०.० + वाढीचे २०.० = ८०.०
समुद्र → हवा: निसर्गाचे ६०.७ + वाढीचे १७.७ = ७८.४

वाढीच्या थरात २०.० − १७.७ = २.३. हाच तुमच्या ताळेबंदातील समुद्राचा आकडा. निसर्गाच्या थरात समुद्र ०.७ घेत नव्हता, देत होता. २.३ मधून ०.७ वजा केल्यास १.६ उरतात. माणूस नसतानाही समुद्र हवेला कार्बन देत होता, ही गोष्ट पुस्तके क्वचितच सांगतात.

मग तो कुठून आणत होता? नद्यांमधून. पावसाचे पाणी मातीतील सेंद्रिय कार्बन आणि खडकांची झीज झाल्यावर निघालेले बायकार्बोनेट वाहून नेते. त्यातील ०.९ गिगाटन दरवर्षी समुद्राला पोहोचते. ०.२ तळाच्या गाळात पुरले जाते. उरलेले ०.७ समुद्रातून हवेत परत जाते. असे झाले नसते तर समुद्राची चौकट हजारो वर्षे फुगतच राहिली असती. आपल्या आकृतीत नदीचा बाण नाही, म्हणून ०.७ अनाथ दिसले.

सह्याद्रीच्या लोकांसाठी थोडे विषयांतर: या बायकार्बोनेटमध्ये आपल्या काळ्या पाषाणाचाही वाटा आहे. बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो आणि झिजताना हवेतील कार्बन डायऑक्साइड खातो. पण खडकांच्या झिजेने हवेतून जाणारा जगभरचा कार्बन वर्षाला केवळ ०.३ आहे, त्यामुळे त्या मार्गाने आपली गर्दी हटायला लाख वर्षे लागतील.

चहाबिस्किट
म्हणजे कृष्णामाई जे समुद्राला नेते, ते समुद्र वाऱ्यावर सोडतो. शेवटी हिशेब नदीच ठेवते.

जुना_मास्तर
मी पदवीच्या उत्तरपत्रिका तपासतो. खाडीकाठ यांचे स्पष्टीकरण योग्य आहे, पण पाच गुणांच्या प्रश्नात त्याची अपेक्षा नसते. दुसरा मुद्दा असा, की हे आकडे आता जुने झाले आहेत. २०१० ते २०१९ या दशकासाठी जीवाश्म इंधन ९.४, जमीनवापर १.६, वातावरणातील वाढ ५.१, समुद्र २.५ आणि जमीन ३.४ असे आकडे दिले जातात. विद्यार्थ्यांनी ते वापरावेत.

खाडीकाठ
मास्तर, नवे आकडे जरूर वापरावेत, पण सगळे एकाच दशकाचे. मी पाहिलेल्या एका तक्त्यात उत्सर्जन नव्या दशकाचे आणि प्रकाशसंश्लेषण एका जुन्या पुस्तकातील १२० होते. तो तक्ता जुळणे शक्य नव्हते. आकृतीच्या कोपऱ्यात दशक आणि एकक लिहिलेले असेल तर परीक्षक जुन्या आकड्यांसाठी गुण कापत नाहीत असे मला वाटते.

जुना_मास्तर
सगळे परीक्षक नाहीत. ज्यांच्या उत्तरसूचीत एकच आकडा छापलेला असतो ते कापतात. हे योग्य नाही, पण असे घडते.

शंकासूर
जमिनीच्या आकड्याबद्दल कोणीच बोलले नाही. समुद्राचे रसायन कळले, पण जमीन २.६ का शोषते? झाडे तर तोडली जात आहेत.

खाडीकाठ
तोडीचे १.१ वेगळे मोजले आहे. उरलेली जमीन जे शोषते ते २.६. वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे झाडांची वाढ जोमाने होणे, खतांतून व धुरातून हवेत गेलेले नायट्रोजन पुन्हा मातीत पडणे, थंड प्रदेशात वाढीचा हंगाम लांबणे, अशी कारणे दिली जातात. त्यांची वाटणी कशी करायची यावर मतभेद आहेत. खरे तर २०१३ च्या अहवालात हा आकडा मोजलेलाच नव्हता. ८.९ मधून वातावरणाचे ४.० आणि समुद्राचे २.३ वजा करून जी बाकी उरली, ती जमिनीच्या नावावर लिहिली होती. म्हणून तो ताळेबंद इतका नेमका जुळतो. तो जुळवलेलाच आहे.

वहीतलं_पान
तक्ता पुन्हा काढला. जीवाश्म इंधन ७.८ केले. समुद्राच्या दोन चौकटी केल्या. नैसर्गिक बाण काळ्या आणि वाढीचे बाण लाल शाईने काढले. नदीचा ०.९ चा बाण निळा केला, त्याच्यातून गाळाकडे ०.२. कोपऱ्यात "२००० ते २००९, गिगाटन कार्बन" असे लिहिले.

नंतर वातावरणाची चौकट स्वतः तपासून पाहिली आणि पुन्हा अडले. आत येणारे: ११८.७ + ७८.४ + ७.८ + १.१ = २०६.०. बाहेर जाणारे: १२३ + ८० = २०३. वाढ ३.० यायला हवी, पण प्रत्यक्षात ४.० आहे. या वेळी १.० कमी पडले.

सरळरेषा
आता मी "मोजणीतील त्रुटी" म्हणणार नाही. नदीच असणार असा माझा अंदाज आहे.

खाडीकाठ
अंदाज बरोबर आहे. नदीचा बाण मातीपासून समुद्रापर्यंत सरळ काढलात, तिथे चूक झाली. मातीतून दरवर्षी १.७ निघते आणि खडकांच्या झिजेतून थोडे येऊन मिळते. पण वाटेत नद्या, तलाव आणि धरणे यांच्या पाण्यातून १.० हवेत निघून जाते आणि ०.२ तळाच्या गाळात बसते. निळ्या बाणाच्या मध्यावर वर जाणारी एक शाखा काढून तिच्यावर १.० लिहा, म्हणजे २०७ − २०३ = ४.० जुळेल. ज्वालामुखी ०.१ आणि झीज ०.३ धरल्यास दशांशात थोडा फरक पडतो, तो पूर्णांकनात जातो. या १.० बद्दल मात्र फार खात्री बाळगू नका. नंतरचे अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत.

पाचट
हे वाचून सांगतो. आमच्या ओढ्यात उन्हाळ्यात चिखलातून बुडबुडे येतात. तेच का हे १.०?

दर्यावर्दी
नाही. ते बुडबुडे बहुतांशी मिथेनचे असतात, कारण चिखलात ऑक्सिजन नसतो. ते १.० पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे आहे. ते पृष्ठभागावरून न दिसता जाते, बुडबुडा येत नाही.

वहीतलं_पान
निळ्या बाणाला शाखा काढली. मिथेनसाठी आता पानावर जागा उरलेली नाही.